एक कॉफी, नाहीतर एक फोन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सात वर्षांनी लिहितोय. आधीच सांगून टाकतो, माझं काही काम अडलेलं नाही. नोकरी शोधत नाही, कुणासाठी तुला शब्द टाकायला सांगणार नाही. जुन्या सहकाऱ्याचं अचानक पत्र आलं की आधी तेच मनात येतं, म्हणून म्हटलं ते मोकळं करावं.

परवा ऑफिसात नवीन लागलेली मुलगी रडवेली होऊन आली. ट्रायल बॅलन्स जुळत नव्हता, फरक ४५० चा. मी म्हणालो, "नऊने भाग जातोय का बघ." हे शब्द तोंडून निघाले आणि तू डोळ्यांसमोर उभा राहिलास.

वर्षअखेरीची ती रात्र आठवते? फरक १,८०० चा होता. तू कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने भागाकार मांडलास आणि म्हणालास, "बरोब्बर दोनशे. कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालीय." मग आपण खतावणीचं एकेक पान उलटत बसलो. ६,८४० च्या जागी ८,६४० चढवले होते, आणि अक्षर माझं होतं. सकाळी साहेबांनी विचारलं तेव्हा तू "चूक सापडली, दुरुस्त केली" एवढंच बोललास. माझं नाव घेतलं नाहीस. त्याबद्दल मी तुला कधी काही बोललोच नाही रे.

आणखी एक गोष्ट मनाला लागून आहे. तुझे वडील गेल्याचं मला महिनाभराने कळलं. फोन हातात घेतला, पण इतक्या उशिरा काय बोलायचं, म्हणून ठेवून दिला. मग जितके दिवस गेले तितकं अवघड होत गेलं. तू काही मनात धरलं असशील असं वाटत नाही, पण मी तेव्हा यायला हवं होतं.

तू नोकरी सोडलीस त्या दिवशी आपण "कधीतरी भेटू" म्हणालो होतो. त्या 'कधीतरी'ला वार नव्हता, म्हणून भेट झालीच नाही. या वेळी वार सांगतो. येत्या शनिवारी किंवा त्याच्या पुढच्या शनिवारी, सकाळी अकरा वाजता, कॉफी प्यायला भेटू. जागा तू सांग, तुझ्या घराजवळची चालेल, मी येईन. तासाभरात मोकळे होऊ, गप्पा रंगल्या तर बसू. बाहेर पडणं जमणार नसेल तर रविवारी रात्री नवानंतर फोनवर बोलू, वीसच मिनिटं.

लांबलचक उत्तर लिहीत बसू नकोस. 'शनिवार' किंवा 'फोन', एवढा एक शब्द पाठव. सध्या धावपळीत असशील तर 'नंतर' लिही. मी दोनेक महिन्यांनी पुन्हा एकदा विचारीन, मधे तगादा लावणार नाही.

आणि हो, त्या मुलीची चूक सापडली. व्हाउचरवर ८३० होते, तिने ३८० लिहिले होते. तुझी युक्ती तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय. कुणाची ते मी तिला सांगितलंय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शेजारच्या टेबलावरचा