डोकेदुखीच्या दोन गोळ्यांविषयी

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलेस की पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकदम घ्यावे की चार-चार तासांनी आलटून पालटून घ्यावे. इतकी वर्षे औषधांच्या काउंटरमागे उभी राहूनही घरच्यांना उत्तर देताना मी घाईत बोलते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या दोन्ही गोळ्या शरीरात वेगवेगळ्या रीतीने काम करतात आणि एकमेकींशी भांडत नाहीत. त्यामुळे जठर, मूत्रपिंड व यकृत चांगले असलेल्या प्रौढ माणसाने त्या एखाददुसरा दिवस एकत्र घेतल्या तर सहसा अपाय होत नाही. त्यांनी अधिक गुण येतो का, याचे उत्तर दुखणे कशाचे आहे त्यावर अवलंबून असते. अक्कलदाढ काढल्यानंतरच्या वेदनेत दोन्ही मिळून एकटीपेक्षा जास्त आराम देतात, हे चांगले सिद्ध झालेले आहे. नेहमीच्या ताणाच्या डोकेदुखीत मात्र तसा भक्कम पुरावा नाही. आलटून पालटून घेण्याची रीत मुलांच्या तापातून आली आहे. डोकेदुखीत तिचा वेगळा फायदा दिसत नाही, उलट कोणती गोळी किती वाजता घेतली याचा गोंधळ मात्र नक्की होतो.

तो गोंधळ मी सांगलीला आले तेव्हा पाहिला. देवघराशेजारच्या तुझ्या स्टीलच्या डब्यात तीन पट्ट्या होत्या. पहिलीवर आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम असे दोन्ही एकत्र छापलेले होते, दुसरी 650 च्या पॅरासिटामॉलची होती आणि तिसरी सर्दीची होती, जिच्यातही बारीक अक्षरात पॅरासिटामॉल 500 लिहिलेले होते. म्हणजे सकाळ-संध्याकाळ पहिली, दुपारी दुसरी आणि सर्दी म्हणून दोन वेळा तिसरी घेतलीस, तर एका दिवसात पॅरासिटामॉल 2300 मिलिग्रॅम आणि आयबुप्रोफेन 800 मिलिग्रॅम पोटात जाते, आणि तुझ्या हिशोबी तू "तीन वेगळ्या गोळ्या" घेतलेल्या असतेस. धडधाकट प्रौढासाठी पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा 4000 आहे, पण तुझे वय 67 आणि वजन 46 किलो असल्यामुळे डॉक्टर ती 3000 च्या आत, कधी 2000 पर्यंतही, ठेवतात. वजनाच्या मानाने पाहिले तर तुला 650 ची एकच गोळी ही एका वेळची पुरेशी मात्रा आहे. तिला काम करायला तासभर द्यावा आणि पुढची गोळी सहा तासांच्या आत घेऊ नये. आयबुप्रोफेन तू सकाळच्या चहाबरोबर रिकाम्या पोटी घेतेस, ते या वयात जठराला व्रण करू शकते. शौच काळे डांबरासारखे झाले तर लगेच दवाखान्यात जायचे.

मला खरी काळजी वाटली ती स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवरून. दुधाच्या नोंदींच्या शेजारी तू गोळीसाठी टिंब काढतेस, हे फार चांगले करतेस, पण गेल्या महिन्यात ती टिंबे 12 होती. एकत्र औषधांची गोळी महिन्यात 10 किंवा अधिक दिवस, किंवा साधी एका औषधाची गोळी 15 किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ चालली, तर ती गोळीच डोकेदुखीचे कारण ठरू शकते. सकाळी उठतानाच डोके धरते आणि गोळी घेतली की तेवढ्यापुरते सुटते, असे तू सांगितलेस ते याच्याशी जुळते. त्यामुळे एकत्र गोळी थांबव, टिंबे काढत राहा आणि ती दिनदर्शिका घेऊन डॉक्टरांना भेट.

बाबा, हे आता तुमच्यासाठी. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध एकत्र आहे. त्यावर आयबुप्रोफेन पडले की मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. उन्हाळ्यात किंवा जुलाब लागल्यावर, अंगातले पाणी कमी असताना, एकदोन दिवसांतही लघवी घटून पायांवर सूज येऊ शकते. शिवाय रक्तदाबही वाढतो. आईच्या डब्यातली ती गोळी तुम्ही दोनदा घेतल्याचे तुम्हीच हसत सांगितलेत. तुम्ही डोके दुखले तर फक्त पॅरासिटामॉल घ्यावे आणि पुढच्या रक्ततपासणीत मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारे क्रिएटिनिन पाहून घ्यावे.

पावसाळ्यात तापासोबत डोके दुखले तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन दोघांनीही घेऊ नये. डोके अचानक जोरात दुखले, बोलणे अडखळले, हात-पाय लुळा पडला, किंवा कानशील दाबल्यावर दुखून नजर अंधुक झाली, तर गोळीचा विचार न करता तडक इस्पितळ गाठावे.

एकत्र गोळीची पट्टी बाबांनी आजच डब्यातून काढून ठेवावी. सर्दीच्या पट्टीचा फोटो मला पाठवा, तिच्यातले दुसरे औषध बाबांच्या रक्तदाबाला चालते का ते मला पाहायचे आहे.

तुमची,
लेक