चित्राचा शेजार बघायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

‘पाणी’ या विषयावरचं आमच्या शाळेचं चित्रप्रदर्शन पार पडलं. संग्रहालयातलं काम सांभाळून तुम्ही सुटीच्या दिवशी आमच्या वर्गखोलीत येऊन बसलात, त्याबद्दल मनापासून आभार.

आमच्याकडे चित्रं इयत्तेप्रमाणे लावायची रीत. पालकांना आपलं मूल चटकन सापडतं, पण विषय विखुरतो. तुम्ही आधी खोलीचा नकाशा काढून घेतलात, एका फुटाला दोन सेंटिमीटर या मापाने, आणि त्याच मापात प्रत्येक चित्राचा कागदी तुकडा कापायला लावलात. भिंतीला एकही खिळा न ठोकता आम्ही मांडणी कितीतरी वेळा बदलून पाहिली.

त्यात आठवीतल्या मुलीचं ते पेन्सिलचित्र होतं: डोक्यावर हंडा, कडेवर बाळ घेऊन निघालेली आई. पावसाच्या भडक जलरंगांमध्ये ठेवलं तेव्हा नजर त्यावर ठरेना. मग आम्ही ते वॉटरपार्कच्या चित्राला लागून ठेवलं. आता सगळे थांबू लागले, आणि सगळ्यांच्या तोंडून ‘बिचारी’ निघू लागलं. मला ती जोडी फार प्रभावी वाटत होती. तुम्ही मात्र त्या मुलीलाच बोलावून विचारलंत. ती म्हणाली, “आई सगळ्यांत पुढे चालते. बाकीच्या बायका तिच्या मागून येतात.”

मग ते चित्र विहीर खोदणारे आणि पंप दुरुस्त करणारा यांच्या ओळीत गेलं. दोन्ही बाजूंना हातभर भिंत मोकळी सोडली, म्हणजे फिकट रेषा शेजारच्या रंगांत बुडणार नाहीत. रेघही न बदलता तीच बाई आता कामात तरबेज दिसू लागली. वॉटरपार्क समोरच्या भिंतीवर गेलं. पाहणारा वळला की दोन्ही चित्रं त्याच्या मनात जवळ येऊ शकतात, पण ती जोड त्याची त्याने लावायची.

चित्रांचा मध्य जमिनीपासून चार फुटांवर ठेवायचा तुमचा आग्रहही योग्यच होता. मोठ्यांसाठी साधारण पाच फूट धरतात, पण आमचे निम्मे प्रेक्षक पाचवी-सहावीतले. माहितीच्या चिठ्ठ्या चित्राखाली, उजव्या कोपऱ्यात लावल्या. वर लावल्या असत्या तर मुलं आधी त्या वाचून मग चित्रात तेवढंच शोधत बसली असती.

गर्दी झाली तेव्हा पाऊस, विहीर, नळ, सांडपाणी हा क्रम मोडला, कारण दार एकच आणि लोक जिथे जागा दिसेल तिथे शिरत होते. तरी प्रत्येक गट स्वतंत्रपणे कळत होता. दर गटाचं पहिलं चित्र ठळक निवडायला तुम्ही लावलं होतंत, त्याचा इथे उपयोग झाला.

शेवटच्या मांडणीचा नकाशा सोबत पाठवत आहे. सांडपाण्याच्या भिंतीवर चित्रं जरा दाटली आहेत असं मला वाटतं. तुमचं मत कळवाल का?

आपली,
शाळेची चित्रकला शिक्षिका