ते पिंपल्स नसतीलही

प्रिय शुभा,

तुझा फोटो बघितल्यापासून तेच डोक्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. अडतिसाव्या वर्षी परत पिंपल्स आले म्हणून तू सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश आणि बेंझॉइल पेरॉक्साइड सुरू केलंस ना, मीही गेल्या वर्षी हेच केलं होतं आणि दोन महिन्यांत चेहऱ्याला साधं पाणी लावलं तरी झोंबायला लागलं.

शेवटी टिळक रोडवर एका स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंगातून गाल, नाक, हनुवटी सगळं बघितलं आणि विचारलं, यात ब्लॅकहेड्स कुठे आहेत? एकही नव्हता. पिंपल्समध्ये छिद्रात तेल आणि मेलेली त्वचा अडकून बूच बसतं, त्यामुळे ब्लॅकहेड किंवा व्हाइटहेड कुठे ना कुठे सापडतातच. मला निघाला तो रोझेशिया, म्हणजे चेहरा लाल होऊन तापतो आणि पुळ्या येतात तो त्वचेचा आजार. त्यात पुळ्या तशाच दिसतात, पू पण होतो, पण बूच नसतं. (नाकावरचे एकसारखे बारीक करडे ठिपके सगळ्यांनाच असतात गं, ते ब्लॅकहेड धरू नकोस.)

मग त्यांनी मला आरशात नाकपुडीच्या कडेला दोऱ्यासारख्या बारीक लाल रेषा दाखवल्या. रक्तवाहिन्या होत्या त्या! वरून काचपट्टी दाबली की गायब, उचलली की परत हजर.

आणि गाल तापणं. दुपारी स्कार्फ बांधून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून घरी आले आणि वर गरम चहा घेतला की गाल भाजल्यासारखे व्हायचे, अर्धा तास तरी उतरायचे नाहीत. आपल्या सावळ्या रंगात लाली पटकन कळत नाही, नुसतं काळवंडल्यासारखं दिसतं, म्हणून हाताची मागची बाजू गालाला लावून बघ.

उद्या सकाळी चेहरा धुऊन अर्ध्या तासाने खिडकीपाशी बस, नाकाजवळची त्वचा हलकेच ताण आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने धर. पुळ्या गाल, नाक, कपाळाच्या मध्यावर आहेत की जबड्याच्या कडेला? जबड्यावर असतील, पाळीच्या आधी वाढत असतील, पाठीवरही असतील तर पिंपल्सच जास्त शक्य. पण दोन्ही एकत्रही असतं, त्यामुळे चार ब्लॅकहेड दिसले म्हणून रोझेशिया नाहीच असं ठरवू नकोस.

मला मेट्रोनिडाझोल जेल आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन दिलं. पुळ्या कमी व्हायला दोनेक महिने लागले, रेषा मात्र तशाच आहेत, त्यांना लेझर लागतं म्हणे.

मेडिकलवाल्याने दिलेली ती गोरं करणारी ट्यूब अजून लावतेस का? त्यात स्टिरॉइड असेल तर आधी बरं वाटतं आणि नंतर हेच सगळं उसळतं. अचानक बंद पण करू नकोस, ट्यूब डॉक्टरांना दाखव. आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल तर तेही सांग, रोझेशिया डोळ्यांतही होतो.

शनिवारी अपॉइंटमेंट घेऊ का? मी येते बरोबर, फक्त मेकअप न करता ये.

तुझीच,
मंजू