मंत्रिमहोदय, चाचणीच्या पेपरावरील एक ओळ माझ्या मुलीला काय शिकवून गेली

माननीय शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सादर नमस्कार.

गेल्या शुक्रवारी माझ्या सहावीतल्या मुलीने गणिताच्या घटक चाचणीचा पेपर माझ्या हातात दिला. अपूर्णांकांच्या बेरजेची चार उदाहरणे होती आणि चारही जागा कोऱ्या होत्या. तिथे चुकीचे उत्तर नव्हते, अर्धवट सोडलेली पायरी नव्हती, खाडाखोडसुद्धा नव्हती. त्यांतली दोन उदाहरणे तिने चाचणीच्या आदल्या रात्री स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहून, माझ्या देखत, स्वतः सोडवली होती. पेपराच्या खाली लाल शाईत लिहिले होते, ‘गणितात गती नाही.’

मी हे पत्र त्या शिक्षिकेची तक्रार करण्यासाठी लिहीत नाही, म्हणून शाळेचे नाव देत नाही. मी स्वतः सतरा वर्षे अध्यापक विद्यालयात शैक्षणिक मानसशास्त्र शिकवते, आणि त्या ओळीत काय घडले आहे हे मला फार नेमके दिसते. तेच आपणांस सांगावे, आणि आपल्या खात्याच्या हातात असलेली एक गोष्ट आपल्याकडून मागावी, एवढाच माझा हेतू आहे.

ही गोष्ट प्रथम सत्राच्या निकालाच्या दिवशी सुरू झाली. बाईंनी मला बाजूला घेतले आणि अत्यंत मायेने म्हणाल्या, “मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. सगळ्यांनाच गणित जमतं असं नाही. तिची चित्रकला किती छान आहे!” मुलगी माझा हात धरून शेजारीच उभी होती. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. त्यानंतर गणिताची वही काढायला सांगितली, की ती “मला नाहीच येणार, बाईपण म्हणाल्या ना,” असे म्हणून दप्तर बंद करू लागली.

बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून जो कारणारोपणाचा सिद्धांत मांडला, त्याचे सार असे आहे की अपयशापेक्षा त्या अपयशाचे आपण स्वतःला दिलेले कारण पुढचे प्रयत्न ठरवते. त्या कारणाला तीन प्रश्न विचारायचे असतात. ते माझ्यात आहे की बाहेर आहे, ते कायमचे आहे की बदलणारे आहे, आणि ते माझ्या ताब्यात आहे की नाही. ‘गती नाही’ हे कारण या तिन्ही प्रश्नांवर वाईटात वाईट उत्तर देते, कारण ते मुलीच्या आत आहे, कायमचे आहे आणि तिच्या ताब्यात नाही. ‘छेद समान न करताच बेरीज केली’ हेही कारण मुलीशीच जोडलेले आहे, पण ते उद्या बदलू शकते आणि बदलणे तिच्या हाती आहे. चूक तीच, गुण तेवढेच, तरी एका वाक्यानंतर मूल पेन्सिल उचलते आणि दुसऱ्यानंतर खाली ठेवते.

कोऱ्या पेपराचे कोडेही नवे नाही. १९७३ मध्ये कॅरोल ड्वेक आणि निकोलस रेपुची यांनी पाचवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. एका व्यक्तीने दिलेली ठोकळ्यांची कोडी सुटणारी होती आणि दुसरीने दिलेली न सुटणारी. नंतर त्या दुसऱ्या व्यक्तीने सुटणारी कोडी दिली, आणि काही मुलांना तीसुद्धा सोडवता आली नाहीत, जरी जवळजवळ तशीच कोडी त्यांनी पहिल्या व्यक्तीसमोर सोडवलेली होती. ज्ञान त्याच डोक्यात होते, पण समोर कोण उभे आहे यावर ते हाताशी येणे अवलंबून होते. ओट्याशी सुटलेले उदाहरण वर्गात का सुटले नाही, याचे यापेक्षा चांगले स्पष्टीकरण मला माहीत नाही.

या अवस्थेला शिकलेली हतबलता म्हणतात. हे नाव १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून रुजले. एका गटातील कुत्र्यांना डोक्याने पट्टी दाबून विजेचा धक्का थांबवता येत असे, आणि दुसऱ्या गटाला तेवढेच धक्के बसत, पण काहीही केले तरी ते थांबत नसत. दुसऱ्या दिवशी बुटका अडसर ओलांडून सुटका करून घेण्याची सोय असताना या दुसऱ्या गटातील आठांपैकी सहा कुत्रे बहुतेक वेळा तसेच पडून राहिले. मात्र सुमारे ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी आपला निष्कर्ष उलटा करून लिहिला. दीर्घ त्रासापुढे निपचित होणे हा मेंदूचा मूळचाच प्रतिसाद आहे आणि तो शिकावा लागत नाही. शिकावे लागते ते हे, की माझ्या कृतीने परिस्थिती बदलते. माझ्या दृष्टीने ही दुरुस्ती शाळेसाठी मूळ सिद्धांताहून अधिक गंभीर आहे, कारण तिचा अर्थ असा होतो की नुसते न दुखावणे पुरेसे नाही. आपण काही केले आणि त्यामुळे चूक दुरुस्त झाली, हा अनुभव मुलाला कोणीतरी हेतुपूर्वक द्यावा लागतो.

तो कसा द्यायचा, हे माझ्या मुलीच्याच चुकीवरून सांगते. १/२ आणि १/३ यांची बेरीज ती २/५ अशी लिहीत होती. अंशात अंश मिळवायचा आणि छेदात छेद मिळवायचा, असा तिचा पक्का नियम होता, आणि पूर्ण संख्यांची बेरीज शिकून आलेल्या असंख्य मुलांचा तो असतो. मी तिला दहा घरांची कागदाची पट्टी दिली. त्यातले १/२ म्हणजे पाच घरे तिने रंगवली, आणि मग तिचे उत्तर, म्हणजे २/५, रंगवले तर चारच घरे झाली. ती थांबली, पुन्हा मोजली आणि म्हणाली, “आई, मिळवून कमी कसं झालं?” मंत्रिमहोदय, या प्रश्नासाठी मी दोन महिने वाट पाहिली होती. त्यानंतर सहा घरांच्या पट्टीवर ३/६ आणि २/६ मिळून ५/६ होतात हे तिचे तिनेच शोधले. याला वीस मिनिटे लागली. जिला गती नाही असे लिहिले गेले, तिच्याकडे एक चुकीचा नियम होता, आणि तो वहीची दोन पाने पाहिली असती तर दिसला असता.

आपल्याकडे वाद मात्र पास करायचे की नापास, याच्यापलीकडे जात नाही. आधी आठवीपर्यंत कोणालाही नापास करायचे नाही असे ठरले, मग पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा व पुनर्परीक्षा आली. या दोन्ही बाजूंनी १९७५ चा ड्वेक यांचा अभ्यास वाचावा अशी माझी विनंती आहे. अपयश येताच कोलमडणारी ८ ते १३ वर्षांची बारा मुले त्यांनी निवडली आणि २५ बैठका घेतल्या. निम्म्या मुलांना सोपी गणिते देऊन सतत यशच मिळू दिले. उरलेल्यांना रोज दोन-तीनदा अपयश येऊ दिले आणि प्रत्येक वेळी सांगितले की प्रयत्न कमी पडला. शेवटी अवघड गणिते दिल्यावर नुसते यश मिळालेली मुले पूर्वीसारखीच ढेपाळली, आणि अपयशाचे वेगळे कारण शिकलेली मुले टिकून राहिली. म्हणजे सोपे पेपर आणि सरसकट उत्तीर्ण करणे हा यावरचा उपाय नाही, आणि कारण न सांगता नापास करणे हाही नाही.

इथे एक धोका सांगायलाच हवा. ‘अजून मेहनत कर’ हे वाक्यही सर्वत्र चालत नाही. जी मुलगी रोज तासभर चुकीच्याच नियमाने गणिते करते, तिला आणखी मेहनत करायला सांगितले आणि तरी उत्तर चुकले, तर तिच्यापुढे एकच निष्कर्ष उरतो, की दोष डोक्यातच आहे. तिला प्रयत्नाऐवजी पद्धत बदलायला सांगावे लागते. आणि दया तर त्याहून घातक ठरते. सँड्रा ग्रॅहम यांनी १९८४ मध्ये दाखवले की अपयशानंतर मोठ्या माणसाने कीव दाखवली तर मूल आपल्यात कुवत नाही असे समजते, आणि राग दाखवला तर आपण प्रयत्न कमी केले असे समजते. माझ्या मुलीला बाईंच्या मायेनेच इजा केली, हे लिहिताना माझा हात जड होतो.

आता आपल्या खात्याकडे वळते. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी आल्या: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात नोंदींच्या तयार याद्या एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर फिरतात आणि त्यांतली वाक्ये उतरवली जातात. आमच्या वर्गातील बावीस पालकांनी मला प्रगतिपुस्तकांची छायाचित्रे पाठवली, तर त्यांतील सतरांत गणितापुढे ‘अधिक सरावाची आवश्यकता’ हेच शब्द होते. चाळीस मुले, आठ विषय, तीन रकाने धरले तर एका सत्राच्या ९६० नोंदी होतात. हा हिशेब घाईत केलेला आहे, चूक असेल तर आपल्या अधिकाऱ्यांनी दुरुस्त करावा. मतदार याद्या, पोषण आहाराचा हिशेब आणि रोजची ऑनलाइन माहिती भरून उरलेल्या वेळात कोणता शिक्षक ९६० विचारपूर्वक वाक्ये लिहील?

दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात मी नोंदींचा हा प्रश्न मांडला, तेव्हा एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी व्यासपीठावरून सांगितले की पुढच्या सत्रापासून नमुना बदलेल. चार सत्रे उलटली. मी तीन पत्रे पाठवली आणि एकाचेही उत्तर आले नाही. त्या काळात माझी मुलगी चौथीतून सहावीत आली.

आणि २०२४ च्या ऑक्टोबरात बातमी आली की दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर पुढे जाऊ द्यायचे, पण त्या विषयांचे पुढील शिक्षण घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर द्यायचा, असे राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात सुचवले आहे. दोन विषयांपायी मुलांचे शिक्षण सुटू नये हा हेतू मला मान्य आहे. पण ‘गणितात गती नाही’ ही लाल शाईतली ओळ आणि तो शेरा यांत फरक एवढाच, की एक बाईंनी लिहिली आणि दुसरा शासन लिहील.

खरे सांगायचे तर ही व्यवस्थाच वर्षानुवर्षे स्वतःला अशी कारणे देत आली आहे. शिक्षक म्हणतात पालक अशिक्षित आहेत, अधिकारी म्हणतात शिक्षक उदासीन आहेत, मंत्रालय म्हणते निधी नाही. प्रत्येक कारण दुसऱ्याच्या दारात आहे, कायमचे आहे आणि सांगणाऱ्याच्या ताब्यात नाही. सतरा वर्षांत मी उमेदीने बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी पाच-सहा वर्षांनी भेटलेले पाहिले आहेत, आणि “काही उपयोग नाही, मॅडम,” हे त्यांचे वाक्य माझ्या मुलीच्या “मला नाहीच येणार” या वाक्याहून वेगळे नसते.

मागणी एकच आहे. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात मुलाविषयी विधान नको. त्याऐवजी दोन गोष्टी लिहाव्यात: कोणती पायरी चुकली, आणि पुढच्या आठवड्यात ते मूल वेगळे काय करून पाहणार. सगळ्या विषयांत नको, सत्रात फक्त दोन विषयांत चालेल, पण वही पाहून लिहिलेले असावे. त्यासाठी ९६० नोंदींपैकी बाकीच्या कमी कराव्यात. यास कोणताही निधी लागत नाही, आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरते.

पुढची घटक चाचणी येत्या महिन्यात आहे. कागदाच्या दोन्ही पट्ट्या तिने कंपासपेटीत ठेवल्या आहेत. मात्र वर्गात त्या बाहेर काढायला तिला भीती वाटते.

आपली विश्वासू,
सहावीतील एका विद्यार्थिनीची आई