मा. विधी व न्यायमंत्र्यांना खुले पत्र : दसऱ्याला माझी मुदत संपली कशी?

प्रति, मा. विधी व न्यायमंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात ३१ वर्षे लेथवर काम केले, तिथे सूतभर फरक पडला तर माल परत यायचा. एका सरकारी कार्यालयाने दिवस मोजताना केलेल्या चुकीने माझी हरकत परत आली, म्हणून हे पत्र.

माझ्या घराच्या जागेबाबतची नोटीस २ सप्टेंबर २०२५ ला स्पीड पोस्टाने आली. त्या दिवशी आमच्याकडे गौरी-गणपती विसर्जन होते. आरती चालू असताना पोस्टमन दारात आला आणि सुनेने सही करून पाकीट घेतले. नोटिशीवर तारीख होती २६ ऑगस्ट. आत लिहिले होते, "ही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी हरकत सादर करावी."

"मिळाल्यापासून" म्हटले की मिळाल्याचा दिवस मोजायचा नसतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम ९ तेच सांगते. म्हणजे ३ सप्टेंबर हा पहिला दिवस, ३० सप्टेंबर अठ्ठाविसावा, १ ऑक्टोबर एकोणतिसावा आणि २ ऑक्टोबर तिसावा. २ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी. कार्यालयाला कुलूप. शेवटचा दिवस असा बंद निघाला तर कार्यालय उघडेल त्या पुढच्या दिवशी दिलेला कागद मुदतीतच धरायचा, हे त्याच कायद्याचे कलम १०. राज्याच्या कायद्यांसाठी अशीच तरतूद १९०४ च्या राज्याच्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये आहे.

शुक्रवारी, ३ ऑक्टोबरला दहा वाजता मी खिडकीशी उभा होतो. बाबूंनी नोटिशीची तारीख पाहिली आणि म्हणाले, "२५ सप्टेंबरला संपली." मी पोस्टाचा शिक्का दाखवला. मग त्यांनी २ सप्टेंबर धरून बोटांवर मोजले आणि म्हणाले, "मग १ ऑक्टोबरला संपली. आधी यायला काय झालं होतं?" आधी यायला मंजूर नकाशाची नक्कल नव्हती, ती ३० तारखेला हाती पडली. आणि कायद्याने ३० दिवस दिले असताना २८ व्या दिवशी का आलो नाही, हा जाब मला विचारणारे हे कोण? गुडघ्यांचे ऑपरेशन झालेला माणूस दीड तास उभा होता, साखर खाली गेली म्हणून शिपायाने पाणी दिले. शेवटी कागदावर लाल शाईत "मुदतबाह्य" असे लिहून हातात दिला. आदेश गेल्या आठवड्यात आला: "हरकत प्राप्त नाही."

त्या दिवशी मला सल्ला मिळाला तो आणखी वाईट. "विलंब माफीचा अर्ज द्या." म्हणजे झालेलाच नाही त्या विलंबाची मी माफी मागायची! आमच्या वकिलांनी सांगितले की तसा नुसता अर्ज दिला तर उशीर झाल्याचे आपणच कबूल केल्यासारखे होते. "हरकत मुदतीतच आहे, तरीही विलंब ठरल्यास तो माफ व्हावा," अशी भाषा लागते. हे सामान्य माणसाला कोण सांगणार?

मी फुकटची सवलत मागत नाही. मधले शनिवार-रविवार, नवरात्र यांची वजावट मिळत नाही, हे मला माहीत आहे. फक्त शेवटचा दिवस बंद असेल तरच पुढचा दिवस मिळतो. मुदत संपल्यावर माफीने जो जादा काळ मिळू शकतो, त्याला लवादाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने हा लाभ दिलेला नाही. पण मी मूळ ३० दिवसांतच होतो.

नोटिशीच्या तारखेपासून मुदत धरतात अशी कार्यालये माझ्या अंदाजाने दहांत आठ तरी असतील. आणि तुमच्या फायली? माझ्या मंजूर नकाशाच्या नकलेला पाच आठवडे लागले, त्याच्यावर कुणी "मुदतबाह्य" लिहिले नाही. मुदत फक्त आम्हालाच का असते, साहेब? मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी हे शहर चाळीस वर्षांहून जास्त झगडले, १८ ऑगस्ट २०२५ ला ते सुरू झाले. बोटांवर मोजता येणाऱ्या दिवसांसाठी आता आम्ही तिथे जायचे का?

माझी मागणी एवढीच. कागद उशिरा आला असे वाटले तरी खिडकीवर तो परत करू नये. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्यावा, आणि मुदतबाह्य ठरवायचा असेल तर कोणता दिवस पहिला धरला आणि कोणता शेवटचा, हे अधिकाऱ्याने सहीनिशी लिहून द्यावे. असे परिपत्रक तुम्ही काढा.

माझी हरकत, तिच्यावरची लाल शाई आणि २ सप्टेंबरच्या शिक्क्याचे पाकीट माझ्याकडे आहे. कुणाला पाठवायचे ते कळवा, त्याच दिवशी पाठवतो.

आपला,
उद्यमनगरातला एक निवृत्त कामगार, कोल्हापूर