पातळ अस्तर म्हणजे निर्धास्त नव्हे

आपल्या आरोग्य पुरवणीतील रजोनिवृत्तीवरच्या लेखात ‘सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर ४ मिमीपर्यंत असेल तर काळजी नको’ असे सरसकट म्हटले आहे. पाळी कायमची थांबल्यानंतर रक्तस्राव पहिल्यांदाच झाला असेल, तर ते बहुतांशी खरे. पण साठीतल्या बाईचे अस्तर ३ मिमी भरले आणि दोन महिन्यांनी पुन्हा डाग दिसले, तर जुन्या रिपोर्टवर विसंबून चालत नाही. बायोप्सी करावीच लागते. काही आक्रमक कर्करोग अस्तर जाड न होताही वाढतात. कर्करोगाआधीची हायपरप्लेझिया, म्हणजे पेशी बिघडून झालेली अस्तराची अतिवाढ, तीही सोनोग्राफीत नव्हे, बायोप्सीतच पक्की कळते. अर्थात बायोप्सीची बारीक नळी थोडाच भाग खरवडते, कोपऱ्यातला पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला कोंब, तिच्यातून सुटू शकतो. तेव्हा ‘नॉर्मल’ अहवालानंतरही स्राव चालूच राहिला, तर दुर्बिणीतून पाहून नमुना घ्यायला हवा.

– एक स्त्रीरोगतज्ज्ञ