परतवाड्याला आज ४ वाजता अंत्यविधी, नागपूरवाल्यांनी लगेच निघा

मोठी आई पहाटे गेली. परतवाड्याला थेट गाडीची वाट बघू नका, ९ च्या आत नागपूर स्टेशनवरून बडनेऱ्याला थांबणारी मुंबईकडची पहिली मिळेल ती एक्सप्रेस पकडा, साधारण तीन तास लागतात.

- जनरल तिकीट सुपरफास्टचंच काढा, साधं काढून सुपरफास्टमध्ये बसलात तर टीसी दंड लावतो.
- बडनेऱ्याला उतरून ऑटोनं अमरावती एसटी स्टँड, तिथून परतवाड्याची एसटी, दीड तास धरा.
- ट्रेन लेट दाखवत असेल तर स्टेशनवर बसून राहू नका, सरळ गणेशपेठ स्टँडवरून अमरावतीची एसटी घ्या.

दीडपर्यंत अमरावती गाठली नाही तर दादाला फोन करा, पण दहाच मिनिटं थांबवता येईल म्हणे.